दोन खोल्यांच्या घराचे परिमाण काढणे : स्प्रेडशीटमध्ये, बाबवार, साध्या सूत्रांनी

घर बांधायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ पण खर्च म्हणजे परिमाण गुणिले दर. दर बाजारात विचारता येतो, परिमाण मात्र आपणच काढावे लागते. खोदाई किती घनमीटर, वीटकाम किती, गिलावा किती चौरस मीटर हे एकदा नीट निघाले की दर बदलला तरी नवा खर्च क्षणात कळतो. हा लेख त्या परिमाणाबद्दल आहे. नुकतीच पदविका झालेले, ठेकेदाराकडे कामाला लागलेले किंवा स्वतःच्या घराचा हिशेब स्वतः समजून घेऊ पाहणारे, अशा सर्वांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

उदाहरण म्हणून गावाकडचे एक लहान घर घेऊ. एका रांगेत दोन खोल्या. बाहेरची खोली आतून ४.०० × ३.०० मीटर, स्वयंपाकघर आतून ३.०० × ३.०० मीटर. सगळ्या भिंती नऊ इंची, म्हणजे ०.२३ मीटर. भिंतीची उंची ३.०० मीटर. पाया आणि जोते दगडी, वर वीटकाम, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर, म्हणजे लिंटेलच्या पातळीवर, सर्व भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि वर स्लॅब. घर भारवाहू भिंतींचे आहे, कॉलम नाहीत. जमीन मुरमाड धरली आहे. काळ्या मातीत पाया असा नसतो, तिथे आधी अभियंत्याला विचारावे.

तीन शीट उघडा

एका फाइलमध्ये तीन शीट ठेवा आणि त्यांना `Data`, `Meas`, `Abs` अशी नावे द्या. पहिल्यात नकाशावरची मूळ मापे, दुसऱ्यात मापपत्रक, तिसऱ्यात गोषवारा. नियम एकच: खोल्यांचे आणि भिंतींचे माप फक्त `Data` मध्ये हाताने टाकायचे, बाकी ठिकाणी ते सूत्राने आणायचे. मालकाने उद्या ‘स्वयंपाकघर एक फूट वाढवा’ म्हटले तर शीटच्या एकाच घरात, म्हणजे सेलमध्ये, आकडा बदलायचा आणि अख्खे मापपत्रक आपोआप बदलले पाहिजे.

`Data` मध्ये `B1` ला बाहेरच्या खोलीची लांबी ४.००, `B2` ला स्वयंपाकघराची ३.००, `B3` ला आतली रुंदी ३.००, `B4` ला भिंतीची जाडी ०.२३, `B5` ला उंची ३.०० टाका. या लेखात अंक देवनागरीत छापले असले तरी शीटमध्ये इंग्रजी अंकच टाका. देवनागरी कीबोर्डवरून टाकलेला आकडा पुष्कळदा मजकूर म्हणून बसतो आणि हिशेबात येतच नाही.

नकाशा फुटात असेल तर इथेच मीटर करून घ्या, आणि एक चूक टाळा. साडेनऊ फूट नकाशावर ९'-६" असे लिहितात. नवखा माणूस ते ९.६ असे टाकतो. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, दशांश सहा नव्हे. सूत्र असे लिहा:

```
=(9+6/12)*0.3048
```

उत्तर २.८९६ मीटर येईल. ९.६ टाकले असते तर २.९२६ आले असते. एका भिंतीत तीन सेंटिमीटर म्हणजे काही नाही असे वाटते, पण तीच लांबी पाया, जोते, वीटकाम आणि गिलावा या चारही बाबींत जाते.

मध्यरेषा, आणि जोडावरची वजावट

आता या हिशेबाचा गाभा. खोदाईची रुंदी ०.९० मीटर, पायाच्या दगडकामाची ०.६०, जोत्याची ०.४५, भिंतीची ०.२३. प्रत्येक थराची रुंदी वेगळी असल्याने प्रत्येक थरात बाहेरची लांबी वेगळी, आतली लांबीही वेगळी. न बदलणारी गोष्ट एकच, भिंतीची मध्यरेषा. म्हणून तिची एकूण लांबी एकदा काढून ठेवायची.

लांब भिंतींची मध्यरेषा: ४.०० + ३.०० + मधली भिंत ०.२३ + दोन्ही टोकांना अर्धी अर्धी जाडी मिळून ०.२३ = ७.४६ मीटर. अशा दोन. आडव्या भिंतींची: ३.०० + ०.२३ = ३.२३ मीटर. अशा तीन, दोन टोकांच्या आणि एक मधली. एकूण १४.९२ + ९.६९ = २४.६१ मीटर. `Data` मधील `B6` ला हे सूत्र टाका:

```
=2*(B1+B2+2*B4)+3*(B3+B4)
```

घराच्या चार कोपऱ्यांवर मध्यरेषा बरोबर जुळते. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला जेवढा भाग दोनदा मोजला जातो, तेवढाच बाहेरच्या बाजूला सुटतो, हिशेब फिटतो. पण मधली भिंत लांब भिंतीला जिथे टेकते तिथे असे होत नाही. मधल्या भिंतीची मध्यरेषा लांब भिंतीच्या मध्यापर्यंत गेलेली असते. त्या शेवटच्या अर्ध्या रुंदीचे काम लांब भिंतीत आधीच मोजून झालेले आहे. म्हणून अशा प्रत्येक टी-जोडाला त्या थराच्या रुंदीचे अर्धे वजा करायचे. आपल्या घरात असे जोड दोन. `Data` मधील `B7` ला २ टाका.

कागदावर दोन जाड पट्ट्या काढून त्यांचा टी करा आणि मध्यरेषा पेन्सिलीने ओढा. दोनदा मोजला जाणारा चौकोन डोळ्यांना दिसतो आणि मग हे सूत्र पाठ करावे लागत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही पद्धत सर्व भिंतींचा छेद सारखा असेल तेव्हाच लागू पडते. मधली भिंत साडेचार इंची असेल तर तिची वेगळी ओळ करा, एकाच मध्यरेषेत कोंबू नका.

मापपत्रक

`Meas` शीटमध्ये पहिल्या ओळीत मथळे द्या. `A` बाब क्रमांक, `B` तपशील, `C` नग, `D` लांबी, `E` रुंदी, `F` उंची किंवा खोली, `G` परिमाण, `H` तपासणी. दुसऱ्या ओळीत खोदाई. `C2` ला १, `E2` ला ०.९०, `F2` ला ०.९०. लांबीच्या घरात, म्हणजे `D2` मध्ये:

```
=Data!$B$6-Data!$B$7*E2/2
```

आणि परिमाणाच्या घरात, म्हणजे `G2` मध्ये:

```
=PRODUCT(C2:F2)
```

डॉलरच्या खुणेमुळे सूत्र खाली ओढले तरी मध्यरेषेचा पत्ता हलत नाही, रुंदी मात्र त्या त्या ओळीची घेतली जाते. म्हणून खालच्या चार ओळींत नग, रुंदी आणि उंची भरून, वीटकामाची रुंदी `=Data!$B$4` आणि उंची `=Data!$B$5` अशी आणून, हीच दोन सूत्रे ओढली की काम झाले:

| बाब | तपशील | नग | लांबी | रुंदी | उंची | परिमाण (घ.मी.) |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | पाया खोदाई | १ | २३.७१ | ०.९० | ०.९० | १९.२१ |
| २ | पायातील साधे काँक्रीट, पीसीसी १:४:८ | १ | २३.७१ | ०.९० | ०.१५ | ३.२० |
| ३ | पायातील दगडी बांधकाम | १ | २४.०१ | ०.६० | ०.७५ | १०.८० |
| ४ | जोत्याचे दगडी बांधकाम | १ | २४.१६ | ०.४५ | ०.६० | ६.५२ |
| ५ | वीटकाम १:६ | १ | २४.३८ | ०.२३ | ३.०० | १६.८२ |

लांबीचा रकाना वरून खाली वाचा. रुंदी कमी होते तशी लांबी वाढत जाते. तसे झाले नाही, सगळीकडे २४.६१ दिसले, तर जोडाची वजावट राहिली आहे असे समजा. या घरात ती राहिली तर खोदाई १९.२१ ऐवजी १९.९३ घनमीटर येते.

खात्रीसाठी दुसऱ्या वाटेने एकदा मोजा. खोदाईत लांब भिंतीचा चर बाहेरून बाहेर ७.४६ + ०.९० = ८.३६, असे दोन म्हणजे १६.७२. आडवे चर त्यांच्या मध्ये बसतात, ३.२३ − ०.९० = २.३३, असे तीन म्हणजे ६.९९. बेरीज २३.७१. तक्त्यातली लांबीही तीच. हा ताळा एका थरावर केला तरी पुरतो.

आता `PRODUCT` का घेतले ते सांगतो. गिलाव्याच्या ओळीत रुंदी नसते, ते घर रिकामे राहते. `=C2*D2*E2*F2` असे लिहिले तर रिकामे घर शून्य धरले जाते आणि उत्तर शून्य येते. `PRODUCT` रिकामे घर सोडून देते. मात्र याच गुणात धोकाही आहे, कारण ते मजकूरही गुपचूप सोडून देते. सुरुवातीच्या काळात मी एका घराच्या मापपत्रकात उंचीच्या घरात ‘3.00 मी’ असे एककासह लिहिले होते. शीटने काहीही तक्रार केली नाही, उंची सोडून गुणाकार करून मोकळी झाली. वीटकाम तिप्पट कमी निघाले आणि विटांची मागणी तशीच गेली. भिंत कमरेच्या वर आल्यावर गवंड्याने विचारले, ‘साहेब, बाकीच्या विटा कधी?’ तेव्हा चूक सापडली.

तेव्हापासून `H` रकाना मी कधी सोडत नाही. त्यात हे सूत्र असते:

```
=COUNT(C2:F2)
```

हे सूत्र त्या ओळीत खरे आकडे किती आहेत ते मोजते. घनमीटरच्या बाबीला ४ आले पाहिजे, चौरस मीटरच्या बाबीला ३. कुठे कमी दिसले तर त्या ओळीत एक माप मजकूर होऊन बसले आहे. डोळ्यांनीही ओळखता येते: आकडा घरात उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे चिकटतो. एकक नेहमी मथळ्यात लिहावे, मापाशेजारी कधीच नाही.

वजावटी

वीटकामातून दारे-खिडक्या वजा करायच्या. वजावटीसाठी वेगळे सूत्र लागत नाही. त्याच मापपत्रकात, त्याच बाब क्रमांकाखाली ओळ लिहायची आणि नग उणे टाकायचा. अशा ओळींना लाल रंग द्या म्हणजे तपासणाऱ्याला लगेच दिसतात.

आपल्या घरात पुढचे दार १.०० × २.१०, मधले दार ०.९० × २.१० आणि १.२० × १.२० च्या तीन खिडक्या आहेत. पहिल्या दाराचा नग −१, दुसऱ्याचा −१, खिडक्यांचा −३. रुंदीच्या घरात भिंतीची जाडी. वजावटी अनुक्रमे ०.४८३, ०.४३५ आणि ०.९९४ घनमीटर येतात.

याशिवाय लिंटेलचा पट्टा. तो १५ सेंटिमीटर उंच आहे आणि २४.३८ मीटर लांबीभर फिरतो, म्हणजे २४.३८ × ०.२३ × ०.१५ = ०.८४१ घनमीटर. हा भाग काँक्रीटचा असल्याने वीटकामातून उणे करायचा आणि पुढे काँक्रीटच्या बाबीत अधिक धरायचा. एकाच मापाच्या दोन ओळी, एकीत नग −१, दुसरीत १. अनेक अंदाजपत्रकांत दुसरी ओळ असते आणि पहिली नसते, आणि मग त्या पट्ट्याचे पैसे वीट म्हणूनही लागतात, काँक्रीट म्हणूनही. सगळे वजा जाता वीटकाम उरते १४.०७ घनमीटर.

स्लॅब सोपा आहे. भिंतींच्या बाहेरच्या कडेपर्यंत ७.६९ × ३.४६, जाडी ०.१२, म्हणजे ३.१९ घनमीटर. छज्जा असेल तर त्याची स्वतंत्र ओळ.

गिलाव्याची वजावट मात्र वेगळ्या नियमाने होते, आणि नवखे इथे हमखास अडखळतात. मोजमापाचे भारतीय मानक आयएस १२०० असे सांगते: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करायचे नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंतचे भोक भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायचे आणि भोकाच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजूंनी वजा आणि कडांचा गिलावा अधिक. यामागचा विचार सरळ आहे. एका बाजूची वजावट सोडली की तिच्यातून कडांच्या कामाची साधारण भरपाई होते.

आपले मोठे दार २.१० चौरस मीटरचे, म्हणजे सगळी भोके मधल्या गटात. वजावट एकदाच: २.१० + १.८९ + ४.३२ = ८.३१. आतला आणि बाहेरचा गिलावा वेगळ्या प्रकारचा असेल तर चौकट ज्या बाजूच्या जवळ बसवली आहे, म्हणजे जिकडे कड कमी रुंद दिसते, त्या बाजूने वजा करायचे. आपल्याकडे चौकट बहुधा आतल्या बाजूला बसवतात, म्हणून आतून वजा केले. आतल्या भिंती: बाहेरच्या खोलीचा घेर १४.०० आणि स्वयंपाकघराचा १२.००, उंची ३.००, एकूण ७८.०० चौरस मीटर. वजा ८.३१ जाता ६९.६९.

जोत्यातला भराव

ही एकच बाब वेगळी काढून सांगतो, कारण तिच्यात चुकीचे माप अगदी बरोबर वाटते. जोत्यात मुरूम किती लागेल? खोली ४.०० × ३.०० म्हणून तेच माप घेतले जाते. पण भराव भिंतींच्या मध्ये नसतो, जोत्याच्या दगडकामाच्या मध्ये असतो आणि ते ०.४५ रुंद आहे. मध्यरेषेतून ०.४५ वजा करा: बाहेरच्या खोलीचा भराव ३.७८ × २.७८, स्वयंपाकघराचा २.७८ × २.७८. जोत्याची उंची ०.६०, त्यातून फरशी आणि तिच्याखालच्या थरासाठी ०.१५ सोडले तर खोली ०.४५. एकूण ८.२१ घनमीटर. खोलीच्या आतल्या मापाने ९.४५ आले असते.

खोदाईतून निघालेली माती यासाठी पुरेल का, हेही इथेच कळते. चरातून १९.२१ निघाली. पीसीसी आणि पायातले दगडकाम बसल्यावर चरात परत भरायला १९.२१ − ३.२० − १०.८० म्हणजे सुमारे ५.२० लागली. उरली साधारण १४ घनमीटर. ती मुरूम असेल तर जोत्याचा भराव घरच्या घरी होतो आणि मुरमाची ओळ गोषवाऱ्यातून जाते, फक्त भरणी आणि धुम्मसाचा दर राहतो. काळी माती असेल तर ती जोत्यात घालू नये, पावसाळ्यात फुगते आणि फरशी उचलते.

गोषवारा

`Abs` मध्ये प्रत्येक बाबीची एकच ओळ: क्रमांक, तपशील, एकक, परिमाण, दर, रक्कम. परिमाणासाठी, उदाहरणार्थ सहाव्या ओळीतल्या वीटकामाच्या `D6` मध्ये:

```
=ROUND(SUMIF(Meas!A:A,A6,Meas!G:G),2)
```

हे सूत्र `Meas` मधून त्या क्रमांकाच्या सर्व ओळी, उणे ओळींसह, गोळा करते. म्हणून वजावटीच्या ओळीलाही `A` रकान्यात बाब क्रमांक हवाच. तो राहिला तर वजावट हिशेबात येत नाही आणि कुठेही चूक दिसत नाही. ती पकडायला गोषवाऱ्याखाली एका घरात `=SUM(Meas!G:G)-SUM(D:D)` असे लिहून ठेवा. `D` हा परिमाणाचा रकाना, आणि हे घर त्या रकान्याच्या बाहेर असू द्या. घनमीटर आणि चौरस मीटर एकत्र मिळवण्याला तसा काही अर्थ नाही, पण फरक शून्याच्या आसपास, पूर्णांकनापुरता, राहिला पाहिजे. जास्त दिसला तर एखादी ओळ अनाथ आहे.

पूर्णांकन इथेच, शेवटी करा. मापपत्रकातल्या प्रत्येक ओळीत केले तर आपले वीटकाम १४.०७ ऐवजी १४.०८ येते. रक्कम फार बदलत नाही, पण तपासणाऱ्याचा आणि तुमचा आकडा जुळत नाही आणि तासभर वाया जातो.

दराच्या रकान्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला दर घ्या किंवा स्थानिक ठेकेदाराचा, पण एकक जुळते का ते पाहा. आपल्याकडे खडी, वाळू, मुरूम ब्रासमध्ये बोलतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. तोच शब्द गिलावा-फरशीला वापरला तर १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. ब्रासचा दर घनमीटरच्या परिमाणाला लावला तर रक्कम जवळजवळ तिप्पट होते.

विटा आणि सिमेंट

मालकाला शेवटी विचारायचे असते, विटा किती सांगू? पुस्तकात घनमीटरला ५०० असा आकडा असतो. तो १९ × ९ × ९ सेंटिमीटरच्या मानक विटेचा आहे. गावच्या भट्टीची वीट वेगळी असते, म्हणून भट्टीवर जाऊन दहा विटा एका रांगेत लावून मोजा आणि सरासरी काढा. समजा वीट २२.५ × १० × ७.५ आली. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर मसाला धरून:

```
=1/((0.225+0.01)*(0.10+0.01)*(0.075+0.01))
```

उत्तर ४५५. आपल्या १४.०७ घनमीटरला ६,४०० च्या आसपास, ५ टक्के तूट धरून सुमारे ६,७२५ विटा. पुस्तकी ५०० धरले असते तर साडेसहाशेहून अधिक विटा जास्त आल्या असत्या.

याच विटेवरून मसालाही निघतो. ४५५ विटांचे स्वतःचे घनफळ ०.७६८, म्हणजे घनमीटरमागे ओला मसाला ०.२३२. कोरडे साहित्य ओल्याच्या १.३३ पट धरतात, म्हणजे ०.३०९. एकास सहा प्रमाणात सिमेंटचा वाटा सातवा. सिमेंटची घनता १४४० किलो प्रति घनमीटर आणि गोणी ५० किलोची:

```
=14.07*0.309/7*1440/50
```

अठरा गोण्या. विटेच्या खाचेत जाणारा आणि खाली सांडणारा मसाला धरून मी यावर १५ टक्के वाढवतो आणि २१ सांगतो. वाळू याच हिशेबाने `=14.07*0.309*6/7` म्हणजे ३.७३ घनमीटर, तिला २.८३ ने भागले की १.३२ ब्रास. तिच्यावरही तीच १५ टक्के वाढ लावली की दीड ब्रास होते, आणि वाळूवाल्याला तोच आकडा सांगायचा.